पौर्णिमा तीन, ग्रहण एक

२०२५ च्या पावसाळ्यात आणि त्याला लागून महाराष्ट्राने तीन पौर्णिमा पाहिल्या. ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ७ सप्टेंबरला भाद्रपदी पौर्णिमा आणि ६ ऑक्टोबरच्या रात्री कोजागरी. तिन्ही वेळा एका बाजूला सूर्य, त्याच्या समोर चंद्र आणि मध्ये पृथ्वी अशीच मांडणी होती. तशी ती असल्याशिवाय पौर्णिमा होतच नाही. तरीही नारळी पौर्णिमेचा चंद्र लख्ख राहिला, कोजागरीचे आटीव दूध लख्ख चांदण्यात प्यायले गेले, आणि मधल्या भाद्रपदी पौर्णिमेला मात्र चंद्र पूर्ण झाकला गेला. मांडणी एकच असताना ग्रहण एकदाच का झाले?

शाळेच्या पुस्तकातली ग्रहणाची आकृती पाहणाऱ्या कोणत्याही चौकस मुलाला हा प्रश्न पडतो. डावीकडे मोठा सूर्य, मध्ये पृथ्वी, उजवीकडे चंद्र आणि सगळ्यांना कडेने शिवत जाणाऱ्या सरळ रेषा. पृथ्वीमागे एक काळा सुळका, त्याच्या दोन्ही बाजूंना करडे पट्टे. आकृतीतला चंद्र त्या काळ्या सुळक्यात नेमका बसवलेला असतो. ती पाहिल्यावर दर पौर्णिमेला ग्रहण व्हायलाच हवे असे वाटते आणि तसे वाटणे अगदी रास्त आहे. आकृतीतल्या रेषा खऱ्या आहेत. अंतरे मात्र खोटी आहेत, कारण खरी अंतरे पुस्तकाच्या पानावर मावत नाहीत.

आधी त्या रेषा पाहू. सूर्य हा प्रकाशाचा ठिपका नाही, चांगला १३ लाख ९२ हजार किलोमीटर व्यासाचा गोळा आहे. म्हणून पृथ्वीच्या सावलीला एकच काटेकोर कड नसते, तिचे दोन भाग पडतात. आतल्या भागात सूर्याच्या कोणत्याच बिंदूकडून थेट प्रकाश पोहोचत नाही. ही प्रच्छाया. पृथ्वी सूर्यापेक्षा लहान असल्याने ती निमुळती होत जाते आणि सुमारे १३ लाख ८० हजार किलोमीटरवर तिचे टोक येते. तिच्या भोवतीच्या भागात सूर्याचा काही तुकडा दिसतो, काही झाकलेला असतो. ही उपच्छाया. ती उलट पसरत जाते. हा फरक समजून घ्यायची सोपी वाट म्हणजे आपण चंद्रावर उभे आहोत अशी कल्पना करायची. उपच्छायेत शिरल्यावर तिथल्या आकाशात पृथ्वीचे काळे बिंब सूर्याला एका कडेने झाकू लागलेले दिसेल. आणखी आत सरकलो तर सूर्य कमी कमी होत जाईल. प्रच्छायेत पाऊल पडले की सूर्याची शेवटची कोर नाहीशी होईल.

७ सप्टेंबरच्या रात्री हे सगळे टप्पे भारतातून पाहता येण्यासारखे होते. चंद्र उपच्छायेत शिरला तेव्हा रात्रीचे ८ वाजून ५८ मिनिटे झाली होती. त्यानंतर जवळजवळ तासभर साध्या डोळ्यांना काहीही जाणवत नाही. सूर्याचा थोडासा भाग झाकला तरी उरलेला सूर्य चंद्राला उजळवायला पुरेसा असतो. प्रच्छाया जवळ आल्यावर शेवटच्या काही मिनिटांत चंद्राची पूर्वेकडची कड धुरकटते, एवढेच. ९ वाजून ५७ मिनिटांनी त्या कडेला खरा काळा घास पडला. चंद्राचा व्यास ३,४७६ किलोमीटर आणि त्याची चाल सेकंदाला साधारण एक किलोमीटर. त्यामुळे अख्खा चंद्र आत जायला तासाहून थोडा अधिक वेळ लागणार हे तोंडी हिशेबानेही सांगता येते. ११ वाजून १ मिनिटाला तो पूर्ण आत होता आणि १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत तो आतच राहिला. त्या वेळी तो काळा न होता तांबूस होतो, कारण पृथ्वीच्या वातावरणाच्या कडेतून वाकून आलेला थोडा लाल प्रकाश प्रच्छायेतही पोहोचतो.

आता अंतरांकडे वळू. कंपासपेटीतली ३० सेंटिमीटरची पट्टी घ्यावी आणि शून्यापाशी एक सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे. ही पृथ्वी. याच प्रमाणात चंद्र २.७ मिलिमीटरचा येतो आणि तो ठेवायचा पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, ३० सेंटिमीटरवर. कारण पृथ्वीचा व्यास १२,७५६ किलोमीटर आणि चंद्राचे सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट. सूर्य काढायचा तर १०९ सेंटिमीटरचे वर्तुळ लागेल आणि ते ११७ मीटर दूर काढावे लागेल. पुस्तकांनी हे का टाळले ते लगेच कळते.

या खऱ्या आकृतीत पृथ्वीमागची प्रच्छाया चंद्राच्या अंतरापर्यंत पोहोचते तेव्हा तिची रुंदी उरते फक्त ७.२ मिलिमीटर. उपच्छाया धरली तरी सगळी सावली १३ मिलिमीटरच्या आतच राहते. म्हणजे ३० सेंटिमीटर दूर असलेल्या अडीच-तीन मिलिमीटरच्या ठिपक्याने सात मिलिमीटरच्या पट्ट्यातून जायला हवे, तर ग्रहण. आणि चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५.१ अंशांनी कललेली आहे. पाच अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण ३० सेंटिमीटरवर पाच अंशांचा कल म्हणजे कागदाच्या वर किंवा खाली तब्बल २.७ सेंटिमीटर! सावलीच्या मधल्या रेषेपासून तिची कड साडेतीन मिलिमीटरवर, आणि चंद्र तिच्या वर-खाली सत्तावीस मिलिमीटरपर्यंत फिरतो. एकदा ही आकृती नजरेसमोर आली की प्रश्न उलटा होतो. ग्रहण दर महिन्याला का होत नाही याचे नवल उरत नाही, ते मुळात होते कसे हे विचारावेसे वाटते.

त्या तीन पौर्णिमा आता याच आकृतीवर मांडू. नारळी पौर्णिमेला, पौर्णिमेच्या नेमक्या क्षणी, चंद्र पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीपासून सुमारे २.८ अंश दक्षिणेला होता. किलोमीटरांत हे अंतर अठरा हजारांहून अधिक भरते. प्रच्छायेची त्रिज्या तिथे साडेचार हजारांच्या आसपास असते, त्यामुळे चंद्र सावलीच्या बराच खालून निघून गेला, उपच्छायेलाही शिवला नाही. महिन्याभराने भाद्रपदी पौर्णिमेला चंद्राचा मध्य सावलीच्या मधल्या रेषेपासून फक्त १,७५० किलोमीटर दक्षिणेला होता, म्हणून तो सगळाच्या सगळा आत मावला. कोजागरीच्या पौर्णिमेचा नेमका क्षण ७ ऑक्टोबरच्या सकाळी आला, आणि तेव्हा चंद्र जवळजवळ २.४ अंश उत्तरेला, सावलीच्या रेषेपासून पंधरा हजार किलोमीटर वर होता. एकदा खालून, एकदा आतून, एकदा वरून.

हे सरकणे कुठून आले? दोन बांगड्या एकमेकींत थोड्या तिरक्या अडकवल्या तर त्या दोनच ठिकाणी एकमेकींना छेदतात. एक बांगडी म्हणजे सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग, क्रांतिवृत्त. दुसरी म्हणजे चंद्राचा मार्ग. छेदाची ती दोन ठिकाणे म्हणजे पातबिंदू. चंद्र दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना जिथे क्रांतिवृत्त ओलांडतो तो राहू, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना जिथे ओलांडतो तो केतू. दोघे नेहमी एकमेकांच्या समोर, १८० अंशांवर असतात, आणि तिथे डोळ्यांना दिसेल असे काहीही नसते. ग्रहण सावलीमुळे होते, चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ मधल्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. राहू-केतूंची गणिती स्थाने पंचांगात आजही छापली जातात, आणि त्यांचा ग्रहणाशी असलेला संबंध अगदी खरा आहे.

अट साधी आहे. अमावास्या किंवा पौर्णिमा घडते त्या वेळी सूर्य यांपैकी एखाद्या पाताजवळ हवा. सूर्य पाताजवळ असला की अमावास्येचा चंद्रही त्याच पाताजवळ आणि पौर्णिमेचा चंद्र समोरच्या पाताजवळ येतो, म्हणजे क्रांतिवृत्ताला जवळजवळ टेकलेला असतो. सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत तो पातापासून सुमारे तीस अंश पुढे निघून जातो, आणि तेवढ्यात चंद्र अडीच-तीन अंश वर किंवा खाली गेलेला असतो. सावलीचा पट्टा ओलांडायला एवढे सरकणे पुरून उरते.

सूर्य वर्षातून दोनदा पातांजवळ येतो, एकदा राहूजवळ, एकदा केतूजवळ. या काळाला ग्रहणांचा हंगाम म्हणावे. सूर्यग्रहणांपुरता हा हंगाम साधारण ३४ दिवस चालतो. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस जातात, त्यामुळे प्रत्येक हंगामात निदान एक अमावास्या सापडतेच आणि पृथ्वीवर कुठे ना कुठे वर्षाला किमान दोन सूर्यग्रहणे होतातच. चंद्र प्रच्छायेत शिरण्याचा हंगाम मात्र याहून अरुंद, जेमतेम तीन आठवड्यांचा असतो. त्यातून पौर्णिमा निसटू शकते. २०२० मध्ये नेमके तसे झाले. २१ जूनला हरियाणात कुरुक्षेत्रावरून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसले, म्हणजे ती अमावास्या हंगामाच्या मध्यावर आली होती. साहजिकच तिच्या दोन्ही बाजूंच्या पौर्णिमा, ५ जून आणि ५ जुलै, हंगामाच्या कडांवर ढकलल्या गेल्या आणि चंद्र दोन्ही वेळा फक्त उपच्छायेतून गेला. त्या वर्षीची चारही चंद्रग्रहणे अशी छायाकल्प होती. बातम्या वाचून गच्चीवर गेलेल्या अनेकांना चंद्रात काहीच फरक दिसला नाही. त्यांच्या डोळ्यांचा त्यात दोष नव्हता. प्रच्छायेचा स्पर्श नसेल तर चंद्राला घास पडत नाही.

सूर्यग्रहणाची आकृती तीच, फक्त चंद्र आणि पृथ्वी यांच्या जागा बदलतात. पण इथे चंद्राची सावली फारच तोकडी पडते. तिच्या प्रच्छायेची सरासरी लांबी ३ लाख ७४ हजार किलोमीटर, आणि पृथ्वीच्या पृष्ठभागापासून चंद्राचे सरासरी अंतर ३ लाख ७८ हजार. म्हणजे सावलीचे टोक जमिनीला टेकते किंवा टेकता टेकता हुकते. चंद्र जवळ असला की ते टेकते आणि खग्रास ग्रहण होते. २२ जुलै २००९ च्या सकाळी सुरतेवरून हे टोक गेले. मुंबई त्या पट्ट्याच्या बाहेर, उपच्छायेत राहिली, म्हणून तिथे ते खंडग्रास होते, आणि त्यातही आषाढाचे ढग आडवे आले. चंद्र दूर असला की सावलीचे टोक हवेतच संपते, चंद्राचे बिंब सूर्याला पुरे पडत नाही आणि कंकण दिसते, जसे २६ डिसेंबर २०१९ ला कण्णूर आणि कोइमतूर भागात दिसले. आपल्या पट्टीवरच्या आकृतीत हे टोक पृथ्वीवर टेकले तरी पाव मिलिमीटरही रुंद नसते. खग्रास ग्रहण एका गावाच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या का येत नाही, ते या पाव मिलिमीटरवरून समजावे. उपच्छाया मात्र सुमारे सात हजार किलोमीटर रुंद असते, म्हणून खंडग्रास ग्रहण निम्म्या खंडाला दिसू शकते. चंद्रग्रहणाला ही अडचण नसते. तिथे चंद्रच सावलीत असतो, तेव्हा ज्यांना ज्यांना चंद्र दिसतो त्या सगळ्यांना ग्रहण दिसते.

२०२५ चा तो हंगाम भाद्रपदी पौर्णिमेबरोबर संपला नव्हता. पंधरा दिवसांनी, २१ सप्टेंबरला, सर्वपित्री अमावास्या आली. तोवर सूर्य पातापासून अकरा अंशांहून पुढे सरकला होता. चंद्राच्या सावलीची मधली रेषा पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या १.०६५ पट अंतरावरून, दक्षिणेकडून गेली. म्हणजे ती पृथ्वीला सुमारे चारशे किलोमीटरने चुकली! प्रच्छाया दक्षिण ध्रुवाकडच्या बाजूने मोकळ्या अवकाशात निघून गेली आणि पृथ्वीला फक्त उपच्छाया लागली. न्यूझीलंडमध्ये सूर्य उगवला तोच घास पडलेला, अंटार्क्टिकातही खंडग्रास दिसले, भारतात काहीच नाही. जगात कुठेच खग्रास किंवा कंकणाकृती न दिसणारी अशी सूर्यग्रहणे हंगामाच्या कडेला होतात, आणि का होतात ते या चारशे किलोमीटरांत स्वच्छ दिसते.

हंगाम दरवर्षी त्याच तारखांना का येत नाहीत, हेही राहू-केतूच सांगतात. सूर्याच्या ओढीमुळे चंद्राच्या कक्षेची तिरकी पातळी हळूहळू उलट्या दिशेने फिरते. पंचांगात राहू-केतू नेहमी वक्री असतात आणि साधारण दीड वर्षाने मागच्या राशीत जातात, ते हेच. पूर्ण फेरीला १८.६ वर्षे लागतात. पात असे सूर्याकडे उलटे सरकत येत असल्यामुळे सूर्याला त्याच पाताशी पुन्हा पोहोचायला पूर्ण वर्ष लागत नाही, ३४६.६ दिवस पुरतात. म्हणून हंगाम दरवर्षी सुमारे १९ दिवस अलीकडे येतो. २०२५ मधली ग्रहणे मार्च आणि सप्टेंबरमध्ये, २०२६ मधली १७ फेब्रुवारी ते ३ मार्च आणि १२ ते २८ ऑगस्ट या काळात, २०२७ ची आणखी थोडी आधी.

घरातल्या पंचांगावरून ग्रहणाचा अंदाज यामुळे कोणालाही करता येतो. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या दिवशीचे स्पष्ट रवीचे स्थान पाहावे, राहूचे पाहावे, त्यात सहा राशी मिळवून केतूचे काढावे. रवी आणि त्याला जवळचा पात यांच्यातले अंतर अमावास्येला १५ अंशांच्या आत असेल तर पृथ्वीवर कुठेतरी सूर्यग्रहण नक्की, साडेअठरा अंशांच्या पुढे असेल तर नक्की नाही. पौर्णिमेला साडेनऊ अंशांच्या आत असेल तर चंद्र प्रच्छायेत नक्की शिरतो, सव्वाबाराच्या पुढे नक्की शिरत नाही. मधल्या पट्ट्यात चंद्र-सूर्य किती जवळ-दूर आहेत त्यावर निकाल लागतो. ग्रहण आपल्या गावातून दिसेल का, हे मात्र या वजाबाकीतून कळत नाही. त्यासाठी ग्रहणाच्या वेळी चंद्र किंवा सूर्य आपल्या क्षितिजावर आहे का ते पाहावे लागते, आणि सूर्यग्रहण असेल तर सावलीचा मार्गही.

७ सप्टेंबर २०२५ ला रवी सिंहेत सुमारे २१ अंशांवर होता आणि केतू सिंहेतच २४ अंशांवर. अंतर तीन अंश, ग्रहण खग्रास. कोजागरीला रवी कन्येत जवळजवळ वीस अंशांपर्यंत पोहोचला, केतू सिंहेतच मागे राहिला. अंतर सत्तावीस अंश, ग्रहण नाही. हीच वजाबाकी २ ऑगस्ट २०२७ च्या आषाढी अमावास्येला, दिव्यांच्या अवसेला, करून पाहावी. रवी कर्केत १५ अंशांच्या आसपास, केतू कर्केतच १७ च्या आसपास. फरक जेमतेम दोन अंश. त्या दिवशी चंद्राच्या सावलीची मधली रेषा पृथ्वीच्या मध्याजवळून जाते, चंद्रही पृथ्वीजवळ असतो, आणि इजिप्तमध्ये लक्झरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून अधिक टिकते. महाराष्ट्र त्या वेळी उपच्छायेत असेल, तेव्हा पावसाने उघडीप दिली तर दुपार कलल्यावर इथूनही सूर्याला पडलेला घास, ग्रहणाच्या चष्म्यातून, दिसू शकेल.